पिशवीचा अर्धाच फोटो आहे. हे खाणं नक्की कोणतं, आणि तीन महिन्यांच्या लॅब्राडॉरला चालेल का?

मृण्मयी_नाशिक

नमस्कार मंडळी. आत्तेभाऊ कॅनडाला गेला आणि जाताना त्याचं लॅब्राडॉरचं पिल्लू आमच्याकडे सोडून गेला. नाव बंड्या. गेल्या आठवड्यात तीन महिने पूर्ण झाले, वजन ९ किलो. सोबत एक डबाभर खाणं आलं, पण मूळ पिशवी त्यांनी रद्दीत टाकली. भावाच्या फोनमध्ये पिशवीचे दोन फोटो होते, ते त्याने व्हॉट्सअपवर पाठवले. खाली जोडते आहे.

पहिल्यात पिशवी दाराआड उभी आहे. वर 'रॉयल कॅनिन' आणि खाली मोठ्या अक्षरात 'मॅक्सी' एवढं वाचता येतं, पुढचा शब्द झाडू आणि बादलीमागे गेला आहे. कोपऱ्यात १५ हा आकडा दिसतो. दुसरा फोटो मागच्या बाजूचा, पण अक्षरं फुटली आहेत.

इथला दुकानदार म्हणतो, "मॅक्सी म्हणजे मॅक्सी, कुठलंही द्या." शिवाय हे महाग पडतं म्हणून त्याने पेडिग्रीचं पपी सुचवलं. ज्यांच्याकडून पिल्लू आणलं होतं त्यांनी कॅल्शियमचं सिरपही सुरू करायला सांगितलं होतं, १० मिली सकाळ-संध्याकाळ. ते चालू आहे.

तर डब्यात आहे ते नक्की काय आणि दोन्हींत बंड्यासाठी कोणतं बरं?

रिकामटेकडा

सोपं आहे. १५ दिसतंय ना? मॅक्सी पपी १५ महिन्यांपर्यंत असतं. म्हणजे पपीच. पुढचा प्रश्न.

मिलवाला

रिकामटेकडे, जरा थांबा. मॅक्सी पपी '१५ महिन्यांपर्यंत' असतं हे बरोबर, पण मॅक्सी ॲडल्ट '१५ महिन्यांपासून पुढे' असतं. १५ दोन्ही पिशव्यांवर छापलेलं असतं, नुसत्या आकड्यावरून काही ठरत नाही. तसंच २६ ते ४४ किलोचं. मॅक्सीच्या सगळ्या पिशव्यांवर तोच पट्टा असतो, कारण तो मोठेपणीच्या वजनाचा आहे.

त्यात मॅक्सी स्टार्टर हा तिसरा भाऊ आहे. तो गाभण आणि अंगावर पाजणाऱ्या कुत्रीसाठी आणि दोन महिन्यांपर्यंतच्या पिल्लांसाठी. पिल्लं विकणारे बऱ्याचदा पिल्लाबरोबर तीच पिशवी देतात, म्हणून तीही शक्यता धरायला हवी.

मृण्मयीताई, 'मॅक्सी म्हणजे मॅक्सी' हे दुकानदाराचं म्हणणं मनावर घेऊ नका. मॅक्सी हा फक्त जातीच्या आकाराचा गट झाला. पिल्लू की मोठा हे त्याखालचा शब्द सांगतो, आणि नेमका तोच बादलीमागे आहे.

आधी एक करा. भावाला सांगा, फोटो फोटो म्हणून नको, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठव. व्हॉट्सअप फोटो दाबून लहान करतं, मागची बारीक अक्षरं तिथेच मरतात. मूळ फाइल आली की निम्मं काम होईल. मी पशुखाद्याच्या गिरणीत तपासणीच्या प्रयोगशाळेत होतो. आमच्याकडेही तक्रारीचे फोटो असेच फुटके यायचे.

केतकी_ठाणे

हे डॉक्युमेंटचं माहीत नव्हतं! माझ्याकडे मॅक्सी पपीची पिशवी आत्ता समोर आहे, आमची कॉफी सात महिन्यांची लॅब आहे. मूळ फोटो आला की ताडून बघते.

बारकोडबाबा

मागच्या फोटोत बारकोडचा तुकडा दिसतोय. सुरुवातीचे आकडे वाचा. ८९० असेल तर भारतात बनलेलं, ३१८ असेल तर फ्रान्सचं. खरा-खोटा माल लगेच कळतो.

मिलवाला

बाबा, अर्धं बरोबर. ८९० म्हणजे तो नंबर भारतातल्या संस्थेकडून घेतला आहे, एवढाच अर्थ. माल कुठे बनला ते त्यावरून कळत नाही. परदेशात बनवून इथल्या नोंदणीखाली विकता येतो आणि उलटही होतं. कुठे बनला ते 'उत्पादक' आणि 'आयातदार' या ओळींत बघायचं. खरं-खोटं तर बारकोडवरून मुळीच ठरत नाही, नकली पिशवीवर तोच बारकोड छापायला काय जातंय?

ओळख पटवायला मात्र बारकोड उपयोगी पडतो, कारण पपीचा वेगळा, ॲडल्टचा वेगळा, आणि ४ किलोचा व १० किलोचाही वेगळा. तेरा आकड्यांतला एखादाच पुसट असेल तर तोही काढता येतो. शेवटचा आकडा आधीच्या बारांवरून गणिताने येतो, त्यामुळे एक अज्ञात सुटतो. दोन पुसट असतील तर नाही.

टॉमीचीआई

एवढं कशाला करायचं ते कळत नाही. आमचा टॉमी चपाती-दुधावर तेरा वर्षं जगला. वर अंड्याच्या टरफलांची पूड रोज एक चमचा. हाडं कशी दणकट होती! हल्ली सगळं पिशवीतलं लागतं.

मृण्मयी_नाशिक

मूळ फाइल आली. कमालीचा फरक आहे! बारकोडवर फ्लॅशचा पांढरा डाग आहे, ते जाऊ द्या. पण मागचा तक्ता बऱ्यापैकी दिसतो. जे वाचता येतं ते लिहिते:

प्रोटीन ३०%. फॅट एक आणि पुढचा आकडा डागाखाली, म्हणजे दहा ते एकोणीसमधलं काहीतरी. डी३ जीवनसत्त्वापुढे १००० आययू. कॅल्शियमची ओळ घडीत गेली आहे. त्याखाली किती द्यायचं त्याचा तक्ता. डावीकडे २६, ३० असे किलो आहेत आणि वर २, ३, ४ असे आकडे, पुढे कापलं गेलंय.

या तक्त्यानेच मी गोंधळले. बंड्या ९ किलोचा, आणि ९ किलोची ओळच नाही. म्हणजे हे खाणं मोठ्या कुत्र्याचंच ना?

मिलवाला

ताई, नेमकं उलट. त्या तक्त्यानेच उत्तर दिलं.

डावीकडचे किलो म्हणजे पिल्लाचं आजचं वजन नाही, मोठेपणी होणारं वजन. वरचे २, ३, ४ म्हणजे महिने. ॲडल्टच्या तक्त्यात महिने नसतात. तिथे कुत्रा किती हिंडतो-फिरतो त्यावर रकाने असतात, कमी हालचाल, मध्यम, जास्त. महिन्यांचे रकाने आहेत म्हणजे वाढत्या पिल्लाचं खाणं.

आता पपी की स्टार्टर. ॲडल्टमध्ये प्रोटीन २६ असतं, ते इथे ३० आहे, म्हणजे ॲडल्ट पुन्हा बाद. स्टार्टरमध्येही प्रोटीन ३० च, पण फॅट २२. तुमच्या फोटोत फॅटचा पहिला आकडा १ आहे, म्हणजे बावीस शक्य नाही. राहिलं मॅक्सी पपी, त्यात फॅट १६. केतकीताई, तुमच्या पिशवीवर बघता का?

केतकी_ठाणे

३० आणि १६. तक्ताही अगदी तसाच, महिन्यांचा. डी३ पण १०००. अभिनंदन बंड्या!

मिलवाला

छान. पण यात एक फट आहे, ती सांगून ठेवतो. ओळख पटली ती फोटोतल्या पिशवीची. डब्यात तेच आहे हे त्यावरून सिद्ध होत नाही. भावाने मध्येच दुसरं काही आणून त्याच डब्यात ओतलं असेल, तर फोटो काय सांगणार? दाण्याच्या आकारावरून ओळखायच्या भानगडीत पडू नका, सारखे दिसणारे दाणे ढीगभर कंपन्यांचे असतात. भावाला फक्त विचारा, शेवटची पिशवी कधी फोडली आणि डबा त्याच पिशवीतून भरला का.

हुंगूनही बघा. जुन्या तेलासारखा खवट वास आला तर डबा सरळ टाकून द्या, ब्रँड कोणताही असो. फोडलेली पिशवी महिना-दीड महिन्यात संपवलेली बरी, आणि डब्यात ओतण्यापेक्षा पिशवीसकट डब्यात ठेवलेली बरी. म्हणजे बॅच नंबर आणि तारीखही हाताशी राहते.

मृण्मयी_नाशिक

भावाला विचारलं. तो म्हणतो, "त्याच पिशवीतलं असावं." 'असावं' वर मी तरी काही बोलू शकत नाही. वास ठीक आहे. नवीन पिशवी आणणारच आहे, मग प्रश्न उरतो तो कोणती.

पेडिग्री पपीच्या पिशवीवर दुकानात जाऊन बघितलं: प्रोटीन किमान २४, फॅट किमान १०, फायबर कमाल ५, ओलावा कमाल १२. कॅल्शियमचा आकडा मला तरी सापडला नाही.

रिकामटेकडा

आता हे बघा. असे आकडे थेट ताडायचे नसतात, ओलावा वजा करून कोरड्या वजनावर आणायचे. २४ ला ८८ ने भागा, २७ येतं. दुसऱ्याचा ओलावा साडेनऊ धरला तर ३० ला साडेनव्वदने भागून ३३. हे पहिलं आणि महत्त्वाचं पाऊल. सगळे विसरतात.

आणि एक सांगून ठेवतो, मोठ्या जातीच्या पिल्लाला ३३ टक्के प्रोटीन घातक. हाडं वाकतात. ऐकून आहे.

मिलवाला

हिशोब बरोबर, पण इथे त्याने काही हाती लागलं नाही. आधी सहाचा फरक होता, नंतरही सहाचाच राहिला. दोन्ही कोरडी खाणी आहेत, ओलाव्यात दोन-तीन टक्क्यांचाच फरक. ओल्या पाऊचशी तुलना असेल तर मात्र हे केल्याशिवाय बोलूच नये. पाऊचवर प्रोटीन ८ लिहिलेलं असतं आणि लोक नाक मुरडतात. त्यात ८२ टक्के पाणी असेल तर कोरड्यावर ते चव्वेचाळीस होतं.

प्रोटीनचं ऐकीव मात्र सोडून द्या. हा जुना समज आहे. ग्रेट डेन पिल्लांवर नेदरलँड्समधल्या उट्रेख्टला हेझविंकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. जास्त प्रोटीनने सांगाडा बिघडला असं त्यांना दिसलं नाही. बिघडला तो जास्त कॅल्शियमने. भरमसाट खाऊ घालून झटपट वाढवलेल्या पिल्लांनाही हाडांचा त्रास होतो. लहान पिल्लाचं आतडं कॅल्शियमला 'आता पुरे' म्हणू शकत नाही. मोठा कुत्रा जास्तीचं बाहेर टाकतो, चार-सहा महिन्यांपर्यंतचं पिल्लू बरंचसं शोषून घेतं.

आता दोन पिशव्यांचं. मी टक्क्यांपेक्षा उष्मांक बघतो, कारण पिल्लू उष्मांकांवर वाढतं आणि पैसेही तिथेच जातात. प्रोटीन आणि पिष्ट पदार्थाला ग्रॅममागे साडेतीन, फॅटला साडेआठ असे उष्मांक धरायचे. राख, म्हणजे खनिजांचा भाग, छापलेली नसेल तर सात-आठ टक्के धरतो. त्या हिशोबाने मॅक्सी पपी १०० ग्रॅमला सुमारे ३६५ आणि पेडिग्री सुमारे ३१०. पिशवीवरचे आकडे किमान-कमाल असतात, प्रत्यक्ष आकडे नव्हेत, म्हणून हे अंदाजच समजा.

९ किलोच्या, चार महिन्यांच्या आतल्या पिल्लाला ठोकताळ्याने दिवसाला १०९० च्या आसपास उष्मांक लागतात. म्हणजे पहिल्याचं साधारण ३०० ग्रॅम, दुसऱ्याचं ३५०. दुकानात किलोचा भाव विचारू नका, दिवसाचा भाव काढा. स्वस्त वाटणारं रोज पन्नास ग्रॅम जास्त जातं. तरीही स्वस्त पडत असेल तर पडू द्या, त्यात लाज नाही. चार महिने उलटले की ही गरज किलोमागे बरीच खाली येते, तेव्हा वजन करून पुन्हा हिशोब करायचा.

केतकी_ठाणे

मी एक भर घालते. आमच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, ग्रॅम हा फक्त आरंभ, खरा न्याय बरगड्यांचा. हात फिरवल्यावर बरगड्या सहज लागल्या पाहिजेत आणि वरून बघितल्यावर कंबर दिसली पाहिजे. लॅब पिल्लाला गुबगुबीत करायचं नाही. आमच्याकडे प्रत्येक पाहुणा म्हणतो, "अगं, वाळलीय की गं ही!"

सायलीचंमांजर

माझा प्रश्न अगदी याच धाग्याचा आहे. माझ्याकडे मॅक्सी पपीची उरलेली पिशवी आहे (शेजाऱ्यांनी दिली) आणि दोन महिन्यांचं मांजरीचं पिल्लू. प्रोटीन ३० म्हणजे चांगलंच आहे ना? देऊ ना?

मिलवाला

सायली, नको. दोन-चार दाणे चुकून खाल्ले तर काही होत नाही, पण रोजचं जेवण म्हणून नाही. मांजराला टॉरिन हे अमिनो आम्ल खाण्यातूनच मिळावं लागतं. ते कमी पडलं की हृदय पसरट होतं आणि डोळ्याचा पडदा खराब होतो. १९८७ मध्ये पॉल पायन यांनी कॅलिफोर्नियात टॉरिन आणि मांजराचं हृदय यांचा संबंध दाखवला, त्यानंतर कंपन्यांनी मांजराच्या खाण्यात ते वाढवलं. कुत्रा टॉरिन स्वतः तयार करतो, म्हणून त्याच्या खाण्यात मांजराला पुरेल इतकं असेलच असं नाही. अ जीवनसत्त्वाचंही तसंच, मांजराला ते तयार स्वरूपातच लागतं.

'किटन' लिहिलेलं आणा. टक्का ३० दोन्हींवर असेल, आतलं वेगळं असतं. पिशवी एखाद्या लॅबवाल्याला देऊन टाका.

सायलीचंमांजर

ओके. मला वाटलं प्रोटीन जमलं म्हणजे जमलं. धन्यवाद.

निफाडकर

मिलवाला, कॅल्शियमबद्दल बोललात ते बरं केलंत. पण मृण्मयी सिरपही देते आहे, त्याकडे कुणीच बघितलं नाही. माझ्या रॉटवायलरला पिल्लू विकणाऱ्याने दोन-दोन औषधं लावली होती. पाच महिन्यांचा असताना पुढचे पाय बाहेर वळायला लागले. डॉक्टरांनी सगळं बंद करायला लावलं. कशामुळे झालं ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण पाय पूर्ण सरळ काही झाले नाहीत. ताई, आजच्या आज बंद करा.

मृण्मयी_नाशिक

अरे बापरे. बाटली वाचली. दर ५ मिलीला कॅल्शियम ८२ मिलिग्रॅम आणि डी३ २०० आययू. तशी मी दिवसाला २० मिली देते आहे.

बंड्याचे पुढचे पंजेही किंचित बाहेर वाटतात, पण ते माझ्या मनाचे खेळ असतील.

मिलवाला

निफाडकरांचं म्हणणं बरोबर, फक्त कारण वेगळं निघतंय. मी आकडे मांडले तेव्हा मलाही गंमत वाटली.

२० मिलीत कॅल्शियम झालं ३२८ मिलिग्रॅम, म्हणजे एक तृतीयांश ग्रॅम. अमेरिकेत पशुखाद्याचे निकष ठरवणाऱ्या 'आफको' संस्थेच्या यादीत पिल्लाच्या खाण्यात कोरड्या वजनावर कॅल्शियम किमान १.२ टक्के, आणि मोठ्या जातीच्या पिल्लासाठी कमाल १.८. तीनशे ग्रॅम खाण्यात कोरडं झालं सुमारे २७०. म्हणजे दिवसाला सव्वातीन ते पावणेपाच ग्रॅम कॅल्शियम ही हद्द. त्यात सिरपचं तृतीयांश ग्रॅम फार नाही. गरज शून्य, पण निदान तेवढ्याने हद्द मोडत नाही.

डी३ चं मात्र बघा. निकष किलोमागे ३००० आययू कमाल. २७० ग्रॅमला ८१० च्या आसपास. खाण्यातूनच ३०० जातंय, तुमच्या फोटोत किलोमागे १००० आहे त्या हिशोबाने. सिरप एकटं ८०० घालतं. बेरीज अकराशे. म्हणजे कॅल्शियमच्या नावाने आणलेल्या बाटलीतलं कॅल्शियम किरकोळ आणि डी मात्र हद्दीबाहेर. डी जीवनसत्त्व चरबीत साठतं, लघवीवाटे सहज निघून जात नाही, आणि तेच आतड्यातून आणखी कॅल्शियम ओढून घेतं. एवढ्याने बंड्याला विषबाधा झाली असं मी म्हणत नाही, पण महिनोन्महिने चालवायची ही गोष्ट नव्हे. पिल्लाचं पूर्ण खाणं पोटात जात असेल तर वर काही लागत नाही.

टॉमीच्या आई, रागावू नका, पण तुमच्या टरफलांच्या चमच्यात मात्र खरोखर कॅल्शियम आहे. पाच-सहा ग्रॅमच्या सपाट चमच्यात दोनेक ग्रॅम. चपाती-दुधावरच्या टॉमीला त्याचा उपयोगच झाला असेल, कारण चपातीत कॅल्शियम फारसं नाहीच. बंड्याच्या पिशवीवर तोच चमचा घातला तर हद्द पार. पिशवी आणि चमचा दोन्ही एकदम नकोत.

टॉमीचीआई

रागावले नाही. पण टॉमी दणकटच होता.

रिकामटेकडा

मिलवाला, मग उलटं विचारतो. मृण्मयी निम्मं पिशवीतलं आणि निम्मं घरचं चिकन-भात देत असेल तर?

मिलवाला

चांगला प्रश्न. मग वरचा सगळा हिशोब मोडतो. बिनहाडाच्या चिकनमध्ये १०० ग्रॅमला कॅल्शियम दहा-पंधरा मिलिग्रॅम आणि फॉस्फरस दोनशेच्या घरात. पिल्लाला कॅल्शियम फॉस्फरसइतकं किंवा दुपटीपर्यंत लागतं, इथे उलटंच. नुसत्या मांसावर वाढलेल्या पिल्लांची हाडं ठिसूळ होतात, ती याच कारणाने. तेव्हा निम्मं-निम्मं करायचं असेल तर कॅल्शियम लागेल, पण किती ते डॉक्टरांकडून हिशोब करून घ्या, बाटलीवरच्या मापाने नको. बक्षीस म्हणून चिकनचे दोन तुकडे वेगळे, त्याने काही बिघडत नाही.

मृण्मयी_नाशिक

घरचं अगदी थोडं जातं, आजी गुपचूप पोळीचा तुकडा देते तेवढंच. सिरप बंद केलं. पंजांसाठी शनिवारी डॉक्टरांकडे नेते आहे, बाटली आणि दोन्ही फोटो घेऊन.

खाणं मॅक्सी पपीच ठेवायचं असं ठरतंय. दिवसाचा भाव काढला तर फरक दुकानदार म्हणाला त्यापेक्षा बराच कमी निघाला. पण पेडिग्रीचं वाईटच आहे असा याचा अर्थ घ्यायचा का?

मिलवाला

नाही. तुमच्या हातात त्याच्या कॅल्शियमचा आकडाच नाही, मग वाईट कशावर म्हणायचं? मोठ्या जातीच्या पिल्लासाठी मी दोनच गोष्टी बघतो: पिशवीवर मोठ्या जातीच्या पिल्लासाठी असं म्हटलंय का, आणि कॅल्शियमची कमाल मर्यादा कंपनी सांगते का. ती पिशवीवर छापलेली नसेल तर ग्राहक कक्षाला बॅच नंबर देऊन मेल टाका: 'कोरड्या वजनावर कॅल्शियम आणि फॉस्फरस किती, सरासरी नव्हे, कमाल किती.' मॅक्सीसाठीही टाका, तुमच्या फोटोत ती ओळ घडीतच गेली आहे.

पेडिग्रीचं प्रो मालिकेत मोठ्या जातीच्या पिल्लासाठी वेगळं येतं, ३ ते १८ महिने. तुलना करायचीच तर त्याच्याशी करा, साध्या पपीशी नको.

परदेशी पिशवी हातात आली तर 'मोठ्या आकाराच्या कुत्र्यांच्या वाढीसह' की 'वगळून' ते वाक्य शोधा. आफकोची मोठ्या कुत्र्याची रेषा ७० पौंडांवर आहे, म्हणजे जवळपास ३२ किलो. लॅबची मादी सहसा त्या रेषेच्या आत राहते, बंड्या पार करेल की नाही सांगता येत नाही. मी 'सह' वाली घेईन.

निफाडकर

आणि बदलताना एकदम बदलू नका. आठवडाभर जुनं कमी, नवं जास्त. जुनं डब्यातलं 'असावं' वालं असलं तरी पोटाला सवय त्याचीच आहे. नाहीतर जुलाब निस्तरत बसाल.

मृण्मयी_नाशिक

मॅक्सीसाठी मेल टाकला होता, उत्तर आलं. कॅल्शियमचा आकडा दिला आहे, पण तो 'किमान' आहे. कमाल विचारली तर 'उत्पादन सर्व निकषांनुसार आहे' एवढंच. आता?

मिलवाला

नेहमीचं उत्तर. पुन्हा मेल टाका आणि 'त्या बॅचचा तपासणी अहवाल' असा शब्द वापरा. ग्राहक कक्षातल्या माणसाला तो वरच्यांकडे पाठवावा लागतो. कधी येतो, कधी येत नाही.

केतकी_ठाणे

मीही माझ्या बॅचसाठी टाकते. दोन मेल गेले तर कुणीतरी बघेल. आलं तर इथे आकडा देते.

बारकोडबाबा

फ्लॅशच्या डागामागे अकरा आकडे वाचले मी, दोन राहिले. मिलवाला म्हणाले तसं अडलं. भावाकडे तिसरा फोटो नाही का हो?